सोन्याच्या फ्युचरमध्ये पैसे रोज कसे कापले जातात आणि मार्जिन कॉल का येतो

आमच्या ब्रोकिंग फर्मचे नवीन क्लायंट झालात की आठवड्याभरात एक प्रश्न हमखास येतो, "मी काही विकलंच नाही, मग खात्यातून पैसे कसे गेले?" त्याचंच उत्तर इथे एका उदाहरणातून देतोय.

समजा तुम्ही एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवर गोल्ड मिनी या सोन्याच्या छोट्या फ्युचरचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, एक लॉट घेतला. लॉट १०० ग्रॅमचा आणि भाव १० ग्रॅमचा, म्हणजे भाव १ रुपया हलला की तुमचे १० रुपये हलतात. भाव १,००,००० धरा, लागणारं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी खात्यात ठेवायची अनामत, १ लाख धरा (खरा आकडा रोज बदलतो, ऑर्डर टाकताना बघून घ्या), आणि तुम्ही खात्यात १,१५,००० ठेवलेत.

पहिल्या दिवशी क्लोजिंग ९९,२०० आलं, ८०० ने खाली, म्हणून त्याच रात्रीच्या हिशोबात ८,००० वजा, उरले १,०७,०००. दुसऱ्या दिवशी ९८,६००, आता फरक तुमच्या खरेदीच्या भावाशी नाही तर कालच्या क्लोजिंगशी मोजतात, त्यामुळे ६,००० वजा, उरले १,०१,०००. तिसऱ्या दिवशी ९७,९००, अजून ७,००० गेले आणि खात्यात ९४,०००. इथे तुम्ही १ लाखाच्या खाली आलात, आणि सकाळी मार्केट उघडायच्या आत आमचा मेसेज येतो: ६,००० कमी आहेत, भरा. हाच मार्जिन कॉल.

पुस्तकात किंवा यूट्यूबवर 'मेन्टेनन्स मार्जिन' वेगळं दाखवतात ते अमेरिकेच्या पद्धतीचं. तिथे सुरुवातीला ११,००० डॉलर भरलेत आणि मेन्टेनन्स १०,००० असेल, तर खातं ९,५०० वर आल्यावर ५०० नाही, १,५०० भरावे लागतात, थेट सुरुवातीच्या पातळीपर्यंत. आपल्याकडे अशी खालची पातळी नाही, पूर्ण मार्जिन रोज खात्यात असावंच लागतं. म्हणून बरोबर १ लाख ठेवून लॉट घेतलात तर पहिल्याच दिवशी, ८,००० गेले की कॉल येणार. वरचे १५,००० जास्तीचे ठेवले म्हणूनच दोन दिवस निभावले ना.

दोन गोष्टींत लोक फसतात. एक, शेअर प्लेज केलेत, म्हणजे गहाण ठेवलेत, की काम झालं असं वाटतं, पण रोजचा तोटा रोखच द्यावा लागतो, प्लेज फक्त मार्जिनला चालतं. दुसरं, भाव जागच्या जागी असला तरी चढउतार वाढली की एक्स्चेंज मार्जिनच वाढवतं, मग तोटा नसतानाही कॉल येतो.

पैसे सकाळी ११ पर्यंत आले नाहीत तर आमची सिस्टीम सौदा कापते, त्या वेळी जो भाव असेल त्याला, आणि मार्जिन कमी पडल्याचा एक्स्चेंजचा दंड वेगळा लागतो. रात्रीत भाव मोठा तुटला असेल तर सौदा कापल्यावरही खातं उणे राहू शकतं, ती रक्कमही तुम्हालाच भरावी लागेल. म्हणून जमणार नसेल तर मेसेज बघितल्या बघितल्या फोन करून सांगा, दोन लॉट असतील तर एक काढून दुसरा वाचवता येतो.