घातांकात राहिलेला सेकंद

हवेतून खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग काढायचा आहे आणि कागदावर शेवटी हे उत्तर आलंय:

```
v = (g/k)(1 − e^(−t))
```

वस्तू स्थिर अवस्थेतून सुटली आहे, आणि हवेचा रोध वेगाच्या प्रमाणात वाढतो असं धरलंय; ते प्रमाण वस्तुमानाने भागून आलेला स्थिरांक म्हणजे `k`. उत्तर तपासायला गेलं तर सगळं ठीक वाटतं. `t = 0` ठेवलं की वेग शून्य येतो. बराच वेळ गेला की कंस १ होतो आणि वेग `g/k` वर स्थिरावतो, म्हणजे वस्तूचं वजन आणि हवेचा रोध जिथे एकमेकांना तोलतात त्या अंतिम वेगावर. `g/k` ची मितीही वेगाचीच आहे. बहुतेक जण इथेच वही मिटतील.

पण घातांकाकडे बघा. तिथे नुसता `t` आहे, म्हणजे सेकंद. एखादी संख्या किती वेळा स्वतःशी गुणायची ते घातांक सांगतो, त्यामुळे तो निव्वळ संख्याच असावा लागतो. ‘e चा उणे दोन सेकंदावा घात’ याला काही अर्थच नाही. तोच वेळ मिनिटांत मोजला तर उत्तर बदलेल, पण वस्तू काही वेगळी पडणार नाही.

तेव्हा चूक आहे हे नक्की. आता ती कोणत्या ओळीत झाली ते शोधायचं. त्यासाठी सगळं गणित नव्याने करत बसू नये. प्रत्येक ओळीत डावीकडची मिती आणि उजवीकडची मिती एवढंच बघत जावं. कागदावरच्या ओळी अशा आहेत:

```
(1)  m dv/dt = mg − bv
(2)  dv/dt = g − kv,   k = b/m
(3)  dv/(g − kv) = dt
(4)  ln(g − kv) = −t + C
(5)  ln[(g − kv)/g] = −t
```

पहिल्या ओळीत `bv` हे बल आहे, म्हणून `b` चं एकक किलोग्रॅम प्रति सेकंद. त्याला वस्तुमानाने भागलं की `k` चं एकक ‘प्रति सेकंद’ होतं. हे एकदा समासात लिहून ठेवावं, पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. दुसऱ्या ओळीतली तिन्ही पदं त्वरणाची आहेत. तिसरीत वेग भागिले त्वरण म्हणजे वेळ, आणि उजवीकडेही वेळच. इथवर सगळं जुळतं.

चौथ्या ओळीत डोळा आधी भलत्याच गोष्टीवर जातो. `ln` च्या पोटात `g − kv` आहे, म्हणजे चक्क त्वरण. त्वरणाचा लॉग कसा घेणार? शंका रास्त आहे, पण गुन्हेगार हा नव्हे. संकलन करताना आलेला `C` अजून मोकळा आहे आणि पाचव्या ओळीत तो `ln g` निघतो. दोन्ही लॉग एकत्र आले की आत गुणोत्तर उरतं, त्याला मिती नाही. मीटरऐवजी सेंटिमीटर घेतले तर दोन्ही लॉगमध्ये `ln 100` ची सारखीच भर पडते आणि वजाबाकीत ती उडून जाते. अनिश्चित संकलनात असा लॉग नेहमीच दिसतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

खरा घोळ त्याच ओळीत लॉगच्या बाहेर आहे. तिसऱ्या ओळीची डावी बाजू वेळ होती. तिचं संकलन केलं तरी ती वेळच राहायला हवी, कारण संकलन म्हणजे शेवटी बेरीजच. पण लॉग ही नुसती संख्या असते. म्हणजे डावीकडचा सेकंद संकलन करताना कुठेतरी गळाला. `v` समोरच्या `k` ने भागायचं राहून गेलंय. ओळ खरी अशी हवी होती:

```
(4)  −(1/k) ln(g − kv) = t + C
```

`1/k` चं एकक सेकंद, म्हणजे हरवलेला सेकंद हाच. हाच धागा पुढे नेला की घातांकात `−kt` येतो आणि तो निव्वळ संख्या असतो.

या चुकीची किंमत आकड्यांत बघू. `k` ०.५ प्रति सेकंद घेतला तर ०.१ सेकंदाने चुकीचं सूत्र सुमारे १.९ मीटर प्रति सेकंद वेग देतं. हवा अजिबात नसती तरी तेवढ्या वेळात वस्तूला ०.९८ एवढाच वेग मिळाला असता. रोध करणारी हवा वस्तूला ढकलतेय असा याचा अर्थ झाला! तरीही सुरुवातीचा आणि शेवटचा वेग अचूक असल्यामुळे हे कुठे खटकत नाही.

मात्र ही तपासणी चालते ती अक्षरं जिवंत असेपर्यंतच. दुसऱ्याच ओळीत कुणी `g` च्या जागी ९.८ आणि `k` च्या जागी ०.५ लिहून टाकलं, तर त्या आकड्यांना चिकटलेले मीटर-सेकंद कागदावरून पुसले जातात आणि कुठली ओळ तुटली ते सांगायला काही उरत नाही. म्हणून आकडे अगदी शेवटी घालावेत. `k` चं मूल्य नेमकं १ असेल तर आणखी पंचाईत, कारण तेव्हा चुकीचं सूत्रही बरोबर आकडा देतं. आणि लिहायचा राहून गेलेला ½ किंवा उलटं पडलेलं चिन्ह या पद्धतीला दिसतच नाही. वरच्या चौथ्या ओळीत `1/k` च्या जागी `2/k` लिहिलं असतं, तर प्रत्येक ओळीची मिती जुळली असती. ती चूक पकडायला मघाचीच युक्ती लागते: अगदी लहान `t` साठी वेग `gt` येतो का, ते बघायचं.