बोर्डात न्यूट्रल आहे का?

स्मार्ट स्विचच्या खोक्यावर किंवा आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक अट असते: न्यूट्रल वायर आवश्यक. ती वाचून जुन्या घरातला माणूस गोंधळतो. घरात दिवे लागतात, पंखे फिरतात, मग न्यूट्रल नाही असं कसं होईल? न्यूट्रल घरात असतेच. ती त्या विशिष्ट बोर्डापर्यंत आली आहे का, एवढाच मुद्दा आहे.

सोलापुरात कसबा किंवा शुक्रवार पेठेतल्या एखाद्या जुन्या दुमजली घराची कल्पना करा. फिटिंग भिंतीवरून गेलेल्या पट्टीतलं. खालच्या खोलीत मोठा बोर्ड आहे, त्यात चार बटणं, पंख्याचा रेग्युलेटर आणि एक प्लग. जिन्याच्या पायथ्याशी छोटा बोर्ड आहे, त्यात एकच बटण. ते दाबलं की जिन्याच्या वळणावरचा ९ वॅटचा एलईडी बल्ब लागतो. हा दिवा मोबाइलवरून किंवा ठरलेल्या वेळी लागावा, अशी घरच्यांची इच्छा आहे.

मोठ्या बोर्डाची काळजी नाही. त्यात प्लग आहे, आणि प्लगला फेज व न्यूट्रल दोन्ही लागतात, म्हणजे न्यूट्रल तिथे आलेली आहेच. आपल्याकडे बटणं आणि प्लग एकाच बोर्डात बसवायची पद्धत असल्यामुळे बहुतेक घरांतले मुख्य बोर्ड या परीक्षेत आपोआप पास होतात. इंग्लंड-अमेरिकेत दिव्याचं बटण अनेकदा वेगळ्या डबीत एकटंच असतं, त्यामुळे तिकडे ही अडचण फार. अमेरिकेच्या वायरिंग नियमावलीत तर २०११ च्या आवृत्तीपासून स्विचच्या डबीत न्यूट्रल असावी अशी तरतूद करावी लागली. आपल्याकडे अडतं ते जिना, न्हाणीघर, पलंगाशेजारचं बटण अशा एकट्या जागी.

जिन्याच्या बोर्डात फक्त दोन वायरी आहेत. एक फेज, फ्यूजकडून आलेली. दुसरी बटणातून निघून वर दिव्याकडे गेलेली. न्यूट्रल मात्र खाली न उतरता पट्टीतून थेट दिव्याच्या होल्डरला गेली आहे. वायरमनचं यात काही चुकलं नव्हतं. साधं बटण म्हणजे पत्र्याचे दोन तुकडे, टेकले की दिवा लागला, सुटले की विझला. त्याला स्वतःला वीज लागतच नाही. मग तांब्याची जास्तीची वायर खाली आणून पुन्हा वर कशाला न्यायची?

स्मार्ट स्विचचं तसं नाही. दिवा बंद असतानाही त्याच्यातला वायफायचा भाग जागा असतो, तुमच्या हुकमाची वाट पाहत असतो. सर्किटमधली गळती धरून त्याला साधारण ०.७ वॅट लागतात असं समजू. २३० व्होल्टवर हा प्रवाह होतो जेमतेम ३ मिलिअँपिअर. प्रवाह किरकोळ असला तरी तो वाहायला जायची आणि परतायची अशा दोन्ही वाटा हव्यात. फेज ही जायची वाट झाली. परतायची वाट न्यूट्रल, आणि जिन्याच्या बोर्डात नेमकी तीच नाही.

तरीही ‘न्यूट्रलची गरज नाही’ असं लिहिलेले स्विच बाजारात मिळतात. ते खोटं बोलत नाहीत. ते परतीची वाट दिव्यातूनच काढतात. दिवा बंद असताना फेजवरून आलेला तो ३ मिलिअँपिअरचा प्रवाह स्विचमधून दिव्याच्या वायरीत, तिथून दिव्यातून पलीकडच्या न्यूट्रलला जातो. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब असताना ही युक्ती झकास चालायची. त्याची थंड तार सुमारे ७० ओहमची. त्यातून ३ मिलिअँपिअर गेले तर तारेवर पाव व्होल्टही पडत नाही. बल्बला काही कळायचंच नाही.

एलईडी बल्बाने हा खेळ बिघडवला. त्याच्या आत तार नाही, एक छोटं सर्किट आहे, आणि त्या सर्किटच्या दाराशी वीज साठवणारा कपॅसिटर आहे. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली ठेवलेलं भांडं जसं हळूहळू भरतं, तसा तो कपॅसिटर त्या बारीक प्रवाहाने भरत जातो. पुरेसा भरला की सर्किट जागं होतं, बल्ब क्षणभर चमकतो, साठा संपतो, पुन्हा अंधार. काही सेकंदांनी पुन्हा तेच. काही बल्ब लुकलुकत नाहीत, रात्रभर मंद पेटून राहतात. लोक स्विच खराब निघाला म्हणून परत देतात, वास्तविक दोघंही आपापलं काम बरोबर करत असतात.

दिवा चालू असताना उलटी अडचण येते. बटण पूर्ण जोडलं की त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजच उरत नाही, मग स्विचने पोट भरायचं कशावर? म्हणून असा स्विच दिव्याला जाणाऱ्या विजेतला लहानसा तुकडा स्वतःसाठी कापून घेतो. त्यासाठी दिव्यातून पुरेसा प्रवाह वाहायला हवा. माहितीपत्रकातला ‘किमान लोड’ तो हाच. अर्ध्या वॅटचा नाइट लॅम्प जोडला तर स्विच उपाशी राहतो, मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि ॲपवर दिसेनासा होतो. न्यूट्रल नको असलेले बरेच स्विच वायफायऐवजी झिगबी या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर चालतात, तेही याच कारणाने: झिगबीचा रेडिओ वायफायपेक्षा खूपच कमी वीज खातो. त्याला वेगळा हब मात्र घ्यावा लागतो.

आता जिन्यासाठी काय करायचं? माझं मत विचाराल तर पहिली पसंती एकाच गोष्टीला: न्यूट्रल आणा. पट्टी फिटिंगला लोक नावं ठेवतात, पण इथे ते उपकारक ठरतं. पट्टीचं झाकण काढलं की मोठ्या बोर्डातून जिन्याच्या बोर्डापर्यंत तांब्याची एक काळी वायर टाकता येते, भिंत फोडावी लागत नाही. कन्सील्ड फिटिंगमध्ये हेच काम पाइपच्या हाती असतं. पाइप मोकळा असेल तर स्प्रिंग घालून वायर ओढता येते, जुना लोखंडी पाइप गंजून अडलेला असेल तर नाही.

अट एकच, पण ती पाळायलाच हवी. न्यूट्रल त्याच सर्किटची हवी, ज्याची फेज जिन्याच्या बोर्डात आहे. तपासायला सोपं आहे. मोठ्या बोर्डाचा फ्यूज किंवा एमसीबी पाडा. जिन्याचा दिवाही गेला तर दोघं एकाच सर्किटवर आहेत. जिना चालूच राहिला तर ती न्यूट्रल उसनी ठरेल. उसनी न्यूट्रल असली की पुढे कधी कुणी एक सर्किट बंद करून न्यूट्रलचा जोड सोडवतो आणि दुसऱ्या सर्किटमधून आलेला झटका खातो. दोन सर्किटना वेगवेगळे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती दिसताच पडणारे स्विच, असतील तर ते विनाकारण पडत राहतात.

वायर ओळखतानाही फसगत होते. टेस्टर फेजवर पेटतो, न्यूट्रलवर पेटत नाही, इथवर ठीक. पण तो अर्थवरही पेटत नाही, आणि बटण बंद असताना दिव्याकडे जाणाऱ्या वायरीवरही बहुधा पेटत नाही. तेव्हा टेस्टर पेटला नाही म्हणजे न्यूट्रल सापडली, असं होत नाही. जुन्या घरात रंगावरही विसंबू नये. न्यूट्रल काळी हा नियम असला तरी हाताशी जे बंडल होतं त्यानेच सगळं घर जोडलेलं सापडतं. जाणता वायरमन मेन स्विच बंद करून संशयित वायरीपासून मेन बोर्डातल्या न्यूट्रल लिंकपर्यंत मीटरने सलगता तपासतो. त्या वेळी दिव्याचा बल्बही होल्डरमधून काढलेला हवा, नाहीतर बल्बातूनच रस्ता जुळू शकतो.

आणखी एक सल्ला हमखास मिळतो: न्यूट्रल नाही ना, मग अर्थला जोडा, चालतंय की! चालतं खरं. स्विच सुरू होतो, ॲपवर हिरवा ठिपका येतो, म्हणूनच हा सल्ला घातक आहे. अर्थची वायर बिघाडाच्या वेळी वीज वाहून न्यायला असते, रोजच्या परतीसाठी नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला १५ च्या पुढे केव्हाही पडायची मुभा असते. असे पाच स्विच अर्थवर टाकले की तिथवर पोचलात. त्याहून वाईट शक्यता म्हणजे अर्थ तुटणं. जोड गंजून अर्थची वायर मेन बोर्डाजवळ सुटली, तर स्विचमधून आलेल्या प्रवाहाला जमिनीत जायची वाट राहत नाही, आणि त्याच अर्थला जोडलेल्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर व्होल्टेज चढतं. सोलापूरच्या मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी ठणठणीत झालेली असते, तेव्हा अर्थ शाबूत असूनही तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

वायर आणणं शक्यच नसेल तर न्यूट्रल नको असलेला स्विच घ्या आणि सोबत बायपास कपॅसिटर लावा. तो बोर्डात बसवून उपयोग नाही. तो वर, होल्डरजवळ, दिव्याच्या दोन वायरींमध्ये दिव्याला समांतर बसतो. हिशेब असा: ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ६,८०० ओहमचा अडथळा करतो. त्यातून ते ३ मिलिअँपिअर गेले की दिव्यावर जास्तीत जास्त २० व्होल्ट येतात, आणि तेवढ्यावर बहुतेक एलईडी बल्ब जागे होत नाहीत. शक्यतो स्विचच्या कंपनीने सुचवलेला बायपासच घ्यावा, निदान त्यावर एक्स-टू हा, घरच्या विजेवर थेट जोडायच्या कपॅसिटरचा, वर्ग छापलेला असावा. पंख्याचा कपॅसिटर उघडून बसवण्याचा मोह टाळा. अडीच मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर दिवा चालू असताना फुकट १८० मिलिअँपिअर ओढत राहील. एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: अशा स्विचवर दिवा विझलेला असला तरी होल्डरला वीज असते. बल्ब बदलताना मेन बंद करायचा.

तिसरा मार्ग छतावरचा. होल्डरपाशी न्यूट्रल आहेच, तर स्मार्ट मॉड्यूलच तिथे न्यायचं. खाली बोर्डातल्या दोन वायरी एकमेकींना पक्क्या जोडल्या की वर कायम फेज मिळते, आणि भिंतीवर जुन्या बटणाच्या जागी बॅटरीवरचं बिनतारी बटण चिकटवता येतं. जोड मात्र डबीच्या आत, कनेक्टर वापरून करायचा. या मार्गाला सोलापुरात एक अडचण आहे. अनेक मॉड्यूल ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. इथे एप्रिल-मे मध्ये बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, वरच्या मजल्यावर पत्रा किंवा तापलेला स्लॅब असेल तर छतालगतच्या बंद डबीत त्याहून जास्त. खालच्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, हे चालून जातं. पत्र्याखाली मी तरी बसवणार नाही.

पंख्याचं म्हणाल, तर न्यूट्रल नसलेला स्विच पंख्यावर घालूच नये असं मला वाटतं, आणि बीएलडीसी पंख्यावर तर नाहीच. त्याच्या पोटातही एलईडी बल्बासारखंच सर्किट आहे, तेच लुकलुकणं तिथे पंखा मध्येच हिसका देऊन थांबण्याच्या रूपाने दिसतं. सुदैवाने पंख्याची बटणं बहुधा प्लग असलेल्या मोठ्या बोर्डातच असतात.