शैलीमिती (सीमाभागातील मराठीच्या संदर्भात)

शैलीमिती म्हणजे लिहिणाऱ्याच्या भाषिक सवयी मोजून दोन मजकूर एकाच हातचे आहेत का, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. पोलिश तत्त्वज्ञ व्हिन्त्सेंटी लुटोस्लाव्स्की यांनी १८९०च्या दशकात प्लेटोच्या संवादांचा कालक्रम ठरवताना तिला हे नाव दिले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठीला ही पद्धत लावताना एक वेगळीच अडचण येते. येथे जी खूण एका लेखकाची वाटते, ती पुष्कळदा साऱ्या भागाची असते.

या पद्धतीत ठळक शब्दांपेक्षा बारीक शब्दांवर भर असतो. ऊस, जत्रा, सीमाप्रश्न असे शब्द विषयाप्रमाणे येतात आणि जातात. व, आणि, पण, मात्र, तर, की, म्हणून, साठी, करिता हे व्याकरणाचे शब्द मात्र कोणत्याही विषयावर लिहिताना लागतातच, आणि लिहिणाऱ्याचे त्यांच्याकडे सहसा लक्ष नसते. म्हणून त्यांचे प्रमाण बऱ्यापैकी स्थिर राहते आणि मुद्दाम नक्कल करणेही अवघड जाते. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १७८७-८८ मध्ये टोपणनावाने छापलेल्या ८५ ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी १२ हॅमिल्टन आणि मॅडिसन या राजकीय नेत्यांपैकी कोणाचे, यावर वाद होता. संख्याशास्त्रज्ञ मॉस्टेलर आणि वॉलेस यांनी त्यांतील बारीकसारीक शब्द मोजले आणि १९६४ मध्ये ते काम पुस्तकरूपात मांडले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरी, तर मॅडिसन क्वचितच. अशा अनेक शब्दांचा पुरावा एकत्र केल्यावर पारडे मॅडिसनकडे झुकले.

इंग्रजीत असे शब्द सुटे असतात. मराठीत ‘साठी’, ‘मुळे’, ‘च’, ‘ही’ मागच्या शब्दाला चिकटतात. नुसत्या मोकळ्या जागा पाहून शब्द तोडले तर ‘शाळेसाठीच’ हा एकच शब्द धरला जातो आणि त्यातल्या दोन्ही खुणा हरवतात. त्यामुळे आधी हे प्रत्यय वेगळे करावे लागतात, तेही डोळसपणे, कारण ‘पाच’मधला ‘च’ प्रत्यय नव्हे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर असेल तर त्यातले अनुच्चारित अनुस्वारही काढून टाकावे लागतात. नाहीतर यंत्र लेखकांऐवजी छापण्याचा काळच ओळखते.

आता एक काल्पनिक प्रकरण घेऊ. बेळगावातल्या एका मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सुमारे ३,००० शब्दांचा निनावी लेख आहे. तो निवृत्त गुरुजींचा असावा किंवा चिटणीसांचा. दोघांचेही प्रत्येकी दहाएक हजार शब्दांचे लेखन हाताशी आहे, आणि त्याच गावातल्या आणखी काही जणांचेही. जॉन बरोज यांनी २००२ मध्ये मांडलेली ‘डेल्टा’ ही रीत येथे चालते. प्रत्यक्षात शंभर-दीडशे शब्द घेतात, आपण चारच घेऊ.

‘व’ गुरुजी हजारात २१ वेळा लिहितात, चिटणीस ६ वेळा, आणि निनावी लेखात तो ८ वेळा येतो. गावातल्या सगळ्यांची सरासरी १२ आणि प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांत साधारणपणे पडणारा फरक, ६ आहे. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करून या विचलनाने भागले की गुरुजी १.५, चिटणीस उणे १ आणि लेख उणे ०.६७ असे येतात. म्हणजे ‘व’पुरता लेख गुरुजींपासून २.१७ आणि चिटणिसांपासून ०.३३ अंतरावर आहे. असेच ‘की’साठी २ आणि ०.३३, ‘म्हणून’साठी २ आणि ०.५, तर ‘मात्र’साठी ० आणि २ निघाले असे धरू. सरासरी काढली तर गुरुजींचे अंतर १.५४ आणि चिटणिसांचे ०.७९ येते, म्हणजे लेख चिटणिसांच्या अधिक जवळ आहे. विचलनाने भागण्याचे कारण सरळ आहे. तसे केले नाही तर ‘व’सारखे वारंवार येणारे शब्द बाकीच्यांना गिळून टाकतात.

यातला ‘म्हणून’ बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात तो कारण दाखवतो, ‘शिक्षक म्हणून रुजू झाले’ यात भूमिका. सीमाभागात त्याचा तिसरा उपयोग भरपूर आढळतो: ‘उद्या येतो म्हणून सांगितले’. कन्नडमध्ये बोललेल्या वाक्यानंतर ‘अंत’ येतो, त्याच जागी हा ‘म्हणून’ बसतो. हा वापर इतरत्रही आहे, पण तिथे लिहिताना ‘सांगितले की’ कडे ओढा अधिक दिसतो. शेजारी भाषांची वाक्यरचना अशी एकमेकींजवळ येते, हे गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींवरून दाखवले होते. म्हणून हे तीन उपयोग वेगवेगळे मोजावेत.

तुलनेसाठी पुण्याच्या लेखकांचा संच घेतला की घोटाळा होतो. त्या संचात तिसऱ्या प्रकारचा ‘म्हणून’ विरळ, म्हणून विचलनही लहान. मग बेळगावच्या कोणाही माणसाचा आकडा सरासरीपासून फार दूर जातो, आणि निनावी लेख त्या प्रत्येकाशी जुळल्यासारखा दिसतो. यंत्राने येथे गाव ओळखले, माणूस नव्हे. तपासायचे असेल तर ज्याचा लेखक नक्की माहीत आहे असा गावातल्याच तिसऱ्याचा एखादा लेख अनोळखी म्हणून घालावा आणि त्या तिसऱ्यालाही उमेदवारांत ठेवावे. पद्धत त्याच्याऐवजी चिटणिसांकडे बोट दाखवू लागली, तर तुलनेचा संच चुकला असे समजावे.

वाक्यरचनेचेही तेच. ‘मी जे पुस्तक वाचले ते’ लिहायचे की ‘मी वाचलेले पुस्तक’, ही निवड लेखकाची सवय सांगते. पण कन्नडचा कल दुसऱ्या रचनेकडे असल्याने तिचे प्रमाण शेजाऱ्यांशीच ताडावे. ‘मी काम केलो’ ही येथल्या बोलण्यातली ठसठशीत खूण लेखनात फारशी कामाची नाही, कारण संपादक ती पहिल्याच वाचनात ‘मी काम केले’ करतो. ‘सांगितले’आधीचा ‘म्हणून’ चुकीचा वाटत नाही, म्हणून तो टिकतो. वाक्याची लांबी मोजायला सोपी असल्याने सगळे आधी तिच्याकडे वळतात. माझ्या मते ती सर्वांत कच्ची खूण आहे. जुळारी एका पूर्णविरामाने ती बदलू शकतो, आणि अर्ज व आठवणी यांत तर एकाच माणसाची वाक्ये निराळी पडतात. म्हणून दोन्ही बाजूंचे लेखन शक्यतो एकाच प्रकारचे असावे.

मजकूर तोकडा असेल तर सगळेच ढिले पडते. पाचशे शब्दांच्या पत्रकात ‘मात्र’ एकदा आला की दोनदा, यावर हजारी प्रमाण २ की ४ हे ठरते. शिवाय डेल्टा नेहमी कोणीतरी जवळचा दाखवतेच, खरा लेखक यादीत नसला तरी.

आपल्या प्रकरणात ‘मात्र’ उलट बाजूला गेला होता. लेखात तो हजारी ३, म्हणजे एकूण नऊ वेळा आला. अशा वेळी तो कुठे कुठे आला हे पाहावे. सगळीकडे विखुरलेला असेल तर चिटणिसांचीच त्या वेळची सवय किंवा योगायोग असू शकतो. पण नवापैकी सात शेवटच्या भागात आणि त्याच भागात ‘व’ही वाढलेला असेल, तर लेखाचे दोन तुकडे करून अंतरे पुन्हा काढावीत. स्मरणिकेच्या लेखाचा समारोप गुरुजींकडून लिहून घेतलेला असणे काही अशक्य नाही.