कारवीचा मध बाटलीत भरून विकण्यापूर्वी: नोंदणी, कागदपत्रे आणि तपासणी अहवालातील आकडे

महाबळेश्वर, जावळी किंवा भोरच्या डोंगरात सातेरी मधमाशांच्या पेट्या ठेवणारा मधपाळ जोवर आपला मध सहकारी संस्थेला घाऊक देतो, तोवर लेबल, बॅच क्रमांक आणि तपासणी अहवाल ही सगळी जबाबदारी संस्था सांभाळते. तोच मध स्वतःच्या नावाने बाटलीत भरून विकायचे ठरवले, की तो मधपाळ अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या भाषेत अन्न व्यावसायिक ठरतो आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना त्याला घ्यावा लागतो. त्यातला कागदोपत्री भाग फारसा अवघड नाही. माल खरा अडतो तो प्रयोगशाळेच्या अहवालातील ओलावा आणि साखरेच्या आकड्यांवर, म्हणून या लेखात अर्जाची माहिती थोडक्यात देऊन त्या आकड्यांना अधिक जागा दिली आहे.

2011 च्या परवाना व नोंदणी नियमावलीत लहान व्यावसायिकासाठी नोंदणी आणि त्यापेक्षा मोठ्यासाठी राज्य परवाना अशी विभागणी आहे. मूळ नियमावलीनुसार वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत आणि उत्पादनक्षमता दिवसाला 100 किलोपर्यंत असल्यास नोंदणी पुरेशी होती. उलाढालीच्या मर्यादा आणि शुल्क यांत फेरबदल होत असल्याने अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसणारी मर्यादाच ग्राह्य धरावी. अर्ज foscos.fssai.gov.in या पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. नोंदणीसाठी अर्जदाराचे छायाचित्र, ओळखपत्र आणि जेथे मध गाळून भरला जातो त्या जागेच्या पत्त्याचा पुरावा लागतो. जागा स्वतःच्या नावावर नसेल, तर भाडेकरार किंवा मालकाचे संमतीपत्र तयार ठेवावे. परवान्यासाठी यापलीकडे जागेचा नकाशा, यंत्रसामग्रीची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल आणि अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा द्यावा लागतो, आणि परवानाधारक उत्पादकाला दर सहा महिन्यांनी मालाची तपासणीही करून घ्यावी लागते.

अर्जात अन्नप्रकार निवडताना 11.5 म्हणजे मध हाच प्रकार निवडावा. आले, तुळस किंवा सुकामेवा घातलेला पदार्थ विकायचा असेल, तर तो या मानकातला मध राहत नाही आणि त्याचा प्रकार वेगळा दाखवावा लागतो, कारण मधात कोणताही पदार्थ मिसळण्यास मानकात परवानगी नाही. मंजुरीनंतर मिळणारा 14 अंकी क्रमांक बाटलीवर छापावा लागतो. नोंदणीचा क्रमांक 2 ने आणि परवान्याचा 1 ने सुरू होतो, त्यामुळे ग्राहकालाही विक्रेता कोणत्या गटातला आहे हे ओळखता येते. मध प्राणिजन्य असूनही नियमांतील मांसाहारी अन्नाच्या व्याख्येतून तो वगळलेला आहे, त्यामुळे बाटलीवर शाकाहाराचे हिरवे चिन्ह येते. याविषयी अनेक नव्या व्यावसायिकांच्या मनात विनाकारण शंका असते.

नोंदणी मिळाली म्हणजे मध प्रमाणित झाला, असा समज मात्र करून घेऊ नये. नोंदणी ही व्यवसायाची असते, तर मानक प्रत्येक बॅचला लागू होते. नोंदणीच्या अर्जासोबत मधाचा अहवाल मागितला जात नसला, तरी पहिली बॅच विकण्यापूर्वी एफएसएसएआयने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेत ती तपासून घेणे शहाणपणाचे आहे. नमुना घेण्यापूर्वी डब्यातील मध तळापासून नीट ढवळावा, कारण साठवलेल्या मधात पातळ थर वर येतो आणि केवळ वरचा मध काढला तर ओलावा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी, कारण मध हवेतील बाष्प सहज ओढून घेतो. बाटलीवर टाकलेला बॅच क्रमांक पुढे विक्रीच्या लेबलवरही तोच राहील याची काळजी घ्यावी, नाहीतर हा अहवाल याच मालाचा आहे हे पुढे सिद्ध करता येत नाही.

आता अहवालाकडे वळू. सध्याच्या मानकात ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पूर्वी ही मर्यादा 25 टक्के होती आणि 2018 च्या दुरुस्तीने ती खाली आणली गेली. सह्याद्रीतील मधपाळाला या बदलाची झळ सर्वाधिक बसते, कारण कारवीचा फुलोरा पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो, हवा दमट असते आणि माशांना मकरंदातील पाणी पुरेसे उडवता येत नाही. मर्यादेमागचे कारण मात्र पक्के आहे. पाणी वाढले की मधातील यीस्ट जागे होते, मध फसफसतो, आंबूस वास येतो आणि बाटलीचे झाकण फुगते.

साखरेबाबत तीन आकडे एकत्र वाचावे लागतात. एकूण क्षपणशील साखर, म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, किमान 65 टक्के असावी. सुक्रोज, म्हणजे उसाच्या साखरेच्या रूपातील साखर, 5 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. फ्रुक्टोज आणि ग्लुकोज यांचे गुणोत्तर 0.95 ते 1.50 या पट्ट्यात असावे. यांपैकी पहिल्या दोन आकड्यांसाठी मानकात एक सवलत आहे आणि ती थेट आपल्या सह्याद्रीची आहे. कारवीच्या मधासाठी, आणि झाडांवरील किडींच्या गोड स्रावापासून माशांनी केलेल्या मधासाठी, क्षपणशील साखर 60 टक्के असली तरी चालते आणि सुक्रोज 10 टक्क्यांपर्यंत मान्य आहे. ओलाव्यासाठी मात्र कारवीला सवलत नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात युरोपातील हेदर या झुडपाच्या मधाला 23 टक्के ओलावा मान्य आहे, आणि दमट हवेतल्या कारवीला तशी सूट नसणे हे मला अन्याय्य वाटते, परंतु नियम आज तसा आहे.

हे आकडे प्रत्यक्ष कसे वाचायचे, यासाठी एक काल्पनिक बॅच घेऊ. 100 किलो मधाच्या अहवालात ओलावा 21.4 टक्के, क्षपणशील साखर 64.2 टक्के, सुक्रोज 6.2 टक्के आणि फ्रुक्टोज-ग्लुकोज गुणोत्तर 1.21 आले आहे. लेबलवर नुसते ‘मध’ लिहिले, तर ही बॅच ओलावा, क्षपणशील साखर आणि सुक्रोज या तिन्ही ठिकाणी नापास होते. कारवीचा मध म्हणून पाहिली, तर साखरेचे दोन्ही आकडे बसतात आणि केवळ ओलावा शिल्लक राहतो.

समजा, ओलावा 19 टक्क्यांवर आणायचे ठरले. 100 किलो मधात पाणी सोडून 78.6 किलो घन भाग आहे. तो नव्या मधाचा 81 टक्के असला पाहिजे, म्हणून मधाचे वजन सुमारे 97 किलो व्हायला हवे आणि जवळपास 3 किलो पाणी काढावे लागेल. वजन घटल्याने उरलेल्या घटकांची टक्केवारी वाढते, त्यामुळे क्षपणशील साखर आता 66.2 टक्के होते आणि सर्वसाधारण 65 ची अटही पार करते. मात्र त्याच कारणाने सुक्रोजही 6.4 टक्के होते. म्हणजे पाणी काढल्याने ओलाव्याचा प्रश्न सुटतो, साखरेचा अर्धाच सुटतो, आणि ही बॅच कारवीचा मध म्हणूनच विकावी लागते. गुणोत्तर 1.21 च राहते, कारण दोन्ही साखरा सारख्याच प्रमाणात दाट होतात.

कारवीचा मध असे लेबलवर लिहिण्यासाठी मधपाळाचा शब्द पुरत नाही. एका फुलाच्या नावाने मध विकायचा असल्यास एकूण परागकणांपैकी किमान 45 टक्के परागकण त्या वनस्पतीचे असावे लागतात. म्हणून तपासणीचा अर्ज भरतानाच परागकणांचे विश्लेषणही मागावे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच मोठ्या प्रमाणावर फुलते, हे लक्षात घेता मधल्या वर्षांत कारवीचे लेबल लावलेला ताजा मध दिसला, तर जाणकार अधिकारी प्रश्न विचारणारच.

पाणी काढताना घाई केली, तर दुसरेच आकडे बिघडतात. मध थेट आचेवर तापवला, की एचएमएफ हा साखरेच्या विघटनातून बनणारा पदार्थ वाढतो आणि डायास्टेज हे विकर नष्ट होऊ लागते. एचएमएफ किलोमागे 80 मिलिग्रॅमच्या आत आणि डायास्टेज किमान 3 शाडे एकक असावे, अशी अट आहे. म्हणून कोरड्या हवेच्या बंद खोलीत उथळ ट्रेमध्ये मध ठेवून, किंवा कमी दाबाच्या यंत्रात, 40 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी काढावे. त्याहून बरे म्हणजे पोळ्यातील किमान तीन चतुर्थांश घरे माशांनी मेणाने बंद केल्याशिवाय चौकट काढूच नये.

शुद्धतेचा मुद्दा याहून वेगळा आहे. उसाच्या साखरेचा पाक आम्लाने फोडून मधात मिसळला, तर त्यात दोन्ही साखरा जवळपास समान असतात, त्यामुळे गुणोत्तर 1 च्या जवळ येऊन पट्ट्यातच राहते. ओलावा आणि गुणोत्तर बरोबर असलेला मध भेसळीचा असू शकतो, तो असा. ऊस आणि मका यांचा पाक कार्बनच्या समस्थानिकांवरून ओळखता येतो, कारण या वनस्पती प्रकाशसंश्लेषण वेगळ्या मार्गाने करतात. ही चाचणी अहवालात सी-4 साखर या नावाने येते आणि तिची मर्यादा 7 टक्के आहे. तांदळाचा पाक या चाचणीत सापडत नाही, म्हणून त्याच्या विशिष्ट खुणेची आणि बाहेरील ऑलिगोसॅकराइडची चाचणी स्वतंत्रपणे असते. स्वतःच्या पेट्यांतील मधाला या महागड्या चाचण्यांची भीती नसते, परंतु टंचाईच्या काळात माशांना पाजलेला साखरेचा पाक मधकोठीत उरला असेल, तर सी-4 चा आकडा प्रामाणिक मधपाळाचाही वर जाऊ शकतो.

पुढे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने दुकानातून नमुना घेतल्यास त्याचे चार भाग केले जातात, आणि एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी व्यावसायिक स्वखर्चाने त्याच वेळी करू शकतो. अन्न विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेल्यास तो मिळाल्यापासून 30 दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपील मान्य झाल्यास राखून ठेवलेला भाग निर्देश प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निष्कर्ष अंतिम असतो. अपिलासोबत त्याच बॅच क्रमांकाचा स्वतःचा जुना अहवाल, पाणी काढल्याच्या तारखांची नोंद आणि परागकणांचे विश्लेषण जोडावे. कारवीचा मध सर्वसाधारण मधाच्या मर्यादांवर तपासला गेला असेल, तर अपिलात सर्वप्रथम तीच बाब मांडावी.