नेटवर्क रीसेट केल्यावर फोन नेमकं काय विसरतो?

वडिलांच्या फोनचं दुखणं जरा विचित्र होतं. रेंजच्या काड्या पूर्ण, फोन लागायचा, समोरच्याचा आवाज स्वच्छ. घरात वायफायवर सगळं सुरळीत. पण उंबरा ओलांडला की नेट गायब. मोबाइल डेटा चालू दिसायचा आणि पाठवलेला संदेश तासन् तास तसाच अडकून राहायचा. ओळखीच्या दोघा-तिघांनी त्यांना एकच इलाज सांगितला होता, "नेटवर्क रीसेट मारा." त्यांनी तो केला नव्हता, कारण `Reset` हा शब्द वाचला की आपले फोटो जाणार अशी त्यांना धास्ती वाटायची.

फोटो जात नाहीत. संपर्क, संदेश, अ‍ॅप, त्यांतली माहिती यांतलं काहीच जात नाही. सगळा फोन कोरा करणारं फॅक्टरी रीसेट वेगळं. सेटिंगच्या पानावर ते बऱ्याचदा याच्या शेजारीच असतं, म्हणून बोट कुठे ठेवतोय ते नीट पाहायचं. नेटवर्क रीसेट पुसतं ते फक्त फोननं जोडण्यांबद्दल लिहून ठेवलेल्या नोंदी. आणि या नोंदी आपल्याला वाटतात त्याहून जास्त असतात.

वायफायच्या आठवतात सगळ्यांना. ज्या ज्या नेटवर्कला फोन कधी जोडला गेला, त्याचं नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड तो जपून ठेवतो, म्हणून तर पुन्हा तिथे गेल्यावर काही न विचारता जोडला जातो. हे सगळं जातं. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या जोड्याही जातात, म्हणजे इयरफोन, घड्याळ, गाडीचा स्पीकर सगळे पुन्हा जोडावे लागतात. आयफोनवर फोनच्या स्वतःच्या व्हीपीएन जोडणीची मांडणीही जाते.

कमी लोकांना ठाऊक असतं ते पुढचं. अँड्रॉइडमध्ये मोबाइल डेटावर घातलेली मर्यादाही याच झाडूत निघून जाते. 'इतका डेटा झाला की बंद कर' असं ठरवून ठेवलं असेल, किंवा एखाद्या अ‍ॅपला मागच्या मागे डेटा वापरायला मनाई केली असेल, तर रीसेटनंतर ते बंधन उरत नाही. फोन सूचना देत नाही. बिल किंवा संपलेला डेटाच सांगतो. आयफोनवर आणखी एक गंमत : फोनला दिलेलं नाव पुसलं जाऊन तो पुन्हा नुसता 'iPhone' होतो, आणि तुम्ही स्वतः विश्वासार्ह ठरवलेली सुरक्षा प्रमाणपत्रं पुन्हा अविश्वासू ठरतात. डेटा रोमिंगही बंद होऊ शकतं. परक्या मुलखात उतरल्यावर नेट चालत नाही म्हणून रीसेट करणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं.

आता वडिलांच्या फोनकडे. फोन लागतो पण नेट नाही, हे आधी समजून घेऊ. टॉवरशी नोंदणी होणं ही एक गोष्ट, आणि टॉवरपलीकडे इंटरनेटपर्यंत वाट मिळणं ही दुसरी. काड्या पहिल्या गोष्टीबद्दल बोलतात. दुसरीसाठी फोन कंपनीच्या यंत्रणेला एक नाव सांगतो, की मला या दारातून इंटरनेटवर सोडा. या नावाला एपीएन म्हणतात. नाव चुकलं तर यंत्रणा ती मागणी नाकारू शकते. काही यंत्रणा चुकीचं नाव खपवून घेतात आणि आपल्या ठरलेल्या दारानं सोडतात, म्हणून 'मी पण तेच केलं, माझं चालतंय' असं सांगणारा कुणीतरी नेहमी भेटतोच.

मी आधी वडिलांचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं. नेट धावलं. म्हणजे सिम, रिचार्ज आणि टॉवर निर्दोष. दोष त्यांच्या फोनमध्ये. मग माझं सिम त्यांच्या फोनमध्ये घातलं आणि चकित झालो, कारण तिथेही नेट चाललं! इथे बरेच जण फसतात आणि 'फोन तर ठीक आहे' म्हणून पुन्हा कंपनीच्या मागे लागतात. माझं सिम दुसऱ्या कंपनीचं होतं. एपीएनच्या नोंदी फोन कंपनीच्या क्रमांकानुसार ठेवतो, सिम बदललं की दुसऱ्या कंपनीची नोंद उघडतो. त्यामुळे माझ्या कंपनीची नोंद धड होती आणि त्यांची बिघडलेली, दोन्ही एकाच फोनात. ही परीक्षा करायची तर सिम त्याच कंपनीचं हवं.

एपीएनचं पान उघडलं. अँड्रॉइडवर ते मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `Access Point Names` या नावानं असतं. तिथे कंपनीच्या मूळ नोंदीच्या वर एक नवी नोंद होती, वेग वाढवण्याचं वचन देणाऱ्या नावाची, आणि निवडलेली तीच. विचारल्यावर बाबा जरा ओशाळले. नेट सुसाट करण्याच्या युक्त्यांचे व्हिडिओ बघून त्यांनी चार-पाच संध्याकाळी प्रयोग केले होते. एपीएन बदलला, नेटवर्कचा प्रकार बदलला, कंपनी आपोआप निवडायच्या जागी हातानं निवडली, आणखी काय केलं ते आठवेना.

एपीएनच्या नोंदीनं नेट वाढत नाही, हे इथेच सांगून टाकतो. ते दाराचं नाव आहे, रस्त्याची रुंदी नाही.

फक्त एपीएन बिघडला असता तर त्याच पानावरच्या तीन ठिपक्यांत `Reset to default` असतं, तेवढं पुरलं असतं. मला हा छोटा इलाज नेहमीच आधी करावासा वाटतो. पण इथे कितीतरी खुंट्या पिळल्या गेल्या होत्या आणि पिळणाऱ्यालाच त्या आठवत नव्हत्या. एकेक शोधत बसण्यात अर्थ नव्हता. माझ्या मते नेटवर्क रीसेटची खरी जागा हीच : दोष फोनच्या नोंदींत आहे हे पक्कं झालंय, पण नेमकी कुठली नोंद ते सापडत नाही, किंवा एकाहून जास्त आहेत.

त्यांच्या फोनवर `Settings → System → Reset options` मध्ये दोन वेगळे पर्याय दिसले, `Reset Mobile Network Settings` आणि `Reset Bluetooth & Wi-Fi`. नव्या अँड्रॉइडमध्ये अशी फाळणी केलेली असते. जुन्या फोनमध्ये सगळं एकाच बटणाखाली असतं. वायफाय ठीकच होतं, म्हणून फक्त पहिला वापरला. फोननं स्क्रीनचा पिन मागितला, काही सेकंदांत काम झालं, आणि बाहेर जाऊन पाहिलं तर अडकलेले संदेश धडाधड निघाले. वायफायचे पासवर्ड आणि कानातला इयरफोन जसाच्या तसा. आयफोनवर रस्ता `Settings → General → Transfer or Reset iPhone → Reset → Reset Network Settings` असा आहे. तिथे असे दोन भाग नाहीत आणि फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

याच हिशोबानं, एकाच वायफायवर अडचण असेल तर रीसेट हा तोफेनं माशी मारण्याचा प्रकार. फोन 'जोडलं गेलं' म्हणतो पण पान उघडत नाही, घरातले बाकीचे फोन मात्र चालतात, अशा वेळी ते एकच नेटवर्क विसरायला लावावं आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडावं. याचं नेहमीचं कारण म्हणजे कधीकाळी हातानं भरलेला पत्ता. समजा फोनला `192.168.1.25` हा कायमचा पत्ता दिला होता. नंतर राउटर बदलला, नवा राउटर `192.168.0.1` वर बसला. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले म्हणून फोन जोडला जातो, पण तो जुन्या गल्लीतल्या घराचा पत्ता सांगत उभा राहतो. नेटवर्क विसरलं की हा पत्ताही जातो.

आणि घरातले सगळेच फोन अडले असतील तर कुणाच्याही फोनमध्ये काही करू नका, राउटर पाहा. टॉवरशी बोलणारा फोनमधला छोटा संगणक, म्हणजे मोडेम, तात्पुरता गोंधळला असेल, तर विमान मोड लावून काढणं किंवा फोन बंद करून चालू करणं पुरतं, त्यात काही पुसलं जात नाही. वायफायचं बटणच फिकट पडून दाबलं जात नसेल, तर एकदा रीसेट करून पाहायला हरकत नाही, पण बऱ्याचदा वायफायचा सुटा भागच बिघडलेला असतो. सिम असूनही सिम नाही असं दिसत असेल तर डायलरवर `*#06#` टाका. आयएमईआय क्रमांकाची जागा रिकामी आली किंवा नुसती शून्यं आली, तर मोडेमच फोनशी बोलत नाही. नोंदी पुसून तो बोलू लागण्याची शक्यता कमी. फोन दुरुस्तीला न्यायचा.

रीसेटच्या आधी एका चौकटीकडे मात्र डोळे फाडून बघा. काही अँड्रॉइड फोन त्याच पानावर ईसिमही पुसायचं का असं विचारतात. आत बसवलेलं हे सिम नोंदींच्या वहीतलं पान नव्हे, ते सिमच आहे. ते पुसलं तर कंपनीकडून पुन्हा घ्यावं लागतं, आधीचा क्यूआर कोड बऱ्याचदा दुसऱ्यांदा चालत नाही. नवं उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं, आणि ज्या वायफायवरून ते मिळणार त्याचा पासवर्ड आत्ताच पुसलेला! म्हणून ती चौकट रिकामी ठेवायची आणि घरच्या वायफायचा पासवर्ड आधी कागदावर उतरवायचा. अँड्रॉइड 10 पासून जोडलेल्या नेटवर्कचा क्यूआर कोड दुसऱ्या फोनला दाखवता येतो. आयओएस 16 पासून आयफोनवर जतन केलेले पासवर्ड वायफायच्या पानावर `Edit` दाबून वाचता येतात.

आयफोनवाल्यांना कधीकधी पुढे एक वेगळीच अडचण येते. पासवर्ड बरोबर टाकूनही राउटर आत घेत नाही. आयफोन प्रत्येक वायफायला आपली खरी ओळख न सांगता एक बनावट हार्डवेअर पत्ता सांगतो, आणि नेटवर्क रीसेट झालं की त्याच नेटवर्कसाठी हा पत्ता नवा होतो. ज्यांनी राउटरमध्ये ठरावीक उपकरणांचीच यादी ठेवली आहे, किंवा मुलांच्या फोनला वेळेचं बंधन घातलं आहे, त्यांच्या राउटरला हा फोन अनोळखी पाहुणा वाटतो. यादीवाला त्याला दारातच अडवतो. वेळेचं बंधन घातलेल्याच्या घरात मात्र मुलाचा फोन रात्री बारालाही चालू असतो. अशा वेळी आयफोनवर त्या नेटवर्कच्या नावापुढचं `i` दाबून नवा पत्ता पाहायचा आणि राउटरच्या यादीत जुन्याच्या जागी तो टाकायचा.