‘तपासून बघू’ आणि ‘बदलून देतो’ : रागावलेल्या ग्राहकाला जाणारी दोन उत्तरं

“२,९०० रुपये घेतलेत आणि चटणी काळी! घरी डोहाळजेवण आहे, पंचवीस माणसं जेवायला येणार आहेत. हे मशीन घेऊन जा आणि माझे पैसे परत करा.”

रविवारी सकाळी सव्वानऊला दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज आला. खाली फोटो होता. स्टीलच्या जारमध्ये ओल्या नारळाची पांढरीशुभ्र चटणी, आणि मधोमध ब्लेडच्या बुडाशी राखाडी-काळी रेघ. मिक्सर घेऊन बाईंना अकराच दिवस झाले होते.

आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलानं लगेच उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं:

“नमस्कार मॅडम. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार आम्ही गांभीर्याने घेतली आहे. कृपया मशीन सर्व्हिस सेंटरला जमा करावे. तपासणीअंती दोष आढळल्यास वॉरंटीच्या नियमांनुसार बदलून देण्यात येईल.”

भाषा सभ्य होती, माफीही होती, ‘बदलून’ हा शब्दही होता. त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण मिक्सर बदलून द्यायची तयारी दाखवली आहे. तसं झालं नव्हतं. त्यानं तपासणीची तयारी दाखवली होती. ही दोन उत्तरं इतकी सारखी दिसतात की लिहिणाराही फसतो आणि वाचणाराही, म्हणून ती शेजारी शेजारी ठेवून बघू.

शेवटी गेलेलं उत्तर हे होतं:

“नमस्कार मॅडम. फोटो पाहिला. चटणीत आलेलं काळं म्हणजे जारच्या बुडातून सुटलेलं ग्रीस आहे. दोष जारमध्येच आहे, तुमच्या वापरामुळे झालेलं नाही. ती चटणी कृपया टाकून द्या आणि मशीनचा प्लग काढून ठेवा. आमचा माणूस अकराच्या आत नवीन मशीन आणि तिन्ही जार घेऊन तुमच्याकडे येईल, जुनं मशीन तेव्हाच परत नेईल. बिल शोधत बसू नका, मशीनच्या खालच्या स्टिकरचा एक फोटो पाठवा, तेवढा पुरे. बदलून नको असेल आणि पैसेच हवे असतील तर तसं कळवा, ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर तीन दिवसांत परत करू. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी तुमची तारांबळ झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. खाली माझा स्वतःचा नंबर देतो आहे.”

पहिल्या उत्तरात पुढचं काम कोणाचं आहे ते बघा. बाईंचं. पंचवीस पानं मांडायची सोडून त्यांनी मिक्सर पिशवीत घालून सर्व्हिस सेंटर गाठायचं, तेही रविवारी. दुसऱ्या उत्तरात पुढचं काम आमचं आहे आणि त्याला वेळ दिलेली आहे. उत्तर कुठल्या जातीचं आहे हे ओळखायची माझी पहिली खूण हीच: मेसेज वाचून संपल्यावर कोण उठून कामाला लागणार?

दुसरी खूण क्रियापदात आहे. ‘आढळल्यास’ आणि ‘देण्यात येईल’ हे शब्द सरकारी पत्रांतून आपल्या हाडीमाशी मुरले आहेत. ‘आढळल्यास’मुळे सगळं वाक्य अटीवर लटकतं आणि ‘देण्यात येईल’मधून देणारा माणूसच गायब होतो. पण रागात असलेला माणूस वाक्याचा फक्त शेवट वाचतो. त्याच्या लक्षात राहतं ‘बदलून देण्यात येईल’. आठ दिवसांनी सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, “ग्रीस जास्त झालं होतं, पुसून दिलंय, आता चालेल.” मग ग्राहक दुसऱ्यांदा चिडतो, आणि हा राग पहिल्यापेक्षा जड असतो, कारण आता त्याला आपण फसवलं असं वाटतं. माझ्या अनुभवात प्रकरण हाताबाहेर जातं ते या दुसऱ्या रागात. पहिला राग मिक्सरवर असतो, दुसरा माणसांवर.

आता फोटो पाहून मी ‘दोष जारमध्येच आहे’ असं ठामपणे कसं लिहिलं, ते सांगतो, कारण सगळा फरक तिथेच आहे. जारच्या बुडाला मधोमध एक बुश असतं. ब्लेडचा शाफ्ट त्यातून खाली जातो आणि खालच्या कपलरला जोडलेला असतो. बुशमध्ये ग्रीस असतं आणि वर वॉशर असतो, आतलं ओलं खाली उतरू नये आणि खालचं ग्रीस वर येऊ नये म्हणून. वॉशर नीट बसला नसेल किंवा बुश वाकडं ठोकलं गेलं असेल, तर शाफ्ट फिरताना धातू घासतो आणि त्याची काळी भुकटी ग्रीसमध्ये मिसळून वर पदार्थात येते. अकरा दिवसांत हे घरच्या वापरानं होत नाही. काळी रेघ नेमकी ब्लेडच्या बुडाशी असेल, तर दुसरं कारण शोधायची गरज उरत नाही.

मग नुसता जार बदलून का भागवलं नाही? कारण ही वाट दोन्हीकडून उघडी असते. काळं वर आलं, तर चटणीचं पाणी खालीही गेलं असणार. ते कपलरवर, तिथून मोटरवर उतरतं. आज चालणारा मिक्सर महिन्याभरानं बंद पडला, की त्याच बाईंना पुन्हा तेच सगळं लिहावं लागणार. म्हणून मशीनसकट बदललं. फक्त जारचं झाकण फुटकं निघालं असतं, तर फक्त झाकण पाठवलं असतं आणि ‘झाकण पाठवतो’ असंच लिहिलं असतं.

‘तपासून बघू’ हे उत्तर वाईटच असतं असं मात्र नाही. काही तक्रारींत तेच खरं उत्तर असतं. नव्या मिक्सरमधून जळका वास येतो, ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. पहिल्या एकदोन वेळेला मोटरच्या वाइंडिंगवरचं वार्निश तापून थोडा वास येऊ शकतो, तो पुढे जातो. जार गच्च भरून घट्ट वाटण सलग फिरवलं तरी मोटर तापते, ओव्हरलोडचं बटण उडतं आणि मशीन बंद पडतं. बहुतेक मिक्सरना हे बटण खालच्या बाजूला असतं, मशीन गार झाल्यावर ते दाबलं की पुन्हा सुरू होतं. आणि कधी खरंच वाइंडिंग जळत असतं. फोटोत वास दिसत नाही. इथे ‘बदलून देतो’ लिहिणं उतावळेपणाचं, आणि ‘तुम्ही चुकीचं वापरलं’ लिहिणं तर त्याहून वाईट.

अशा वेळी तपासणीला तपासणीच म्हणावं आणि तिच्या दोन्ही टोकांना काय होईल ते आधीच सांगून टाकावं: “वास कशाचा आहे हे लांबून सांगता येत नाही. उद्या चार ते सहाच्या दरम्यान आमचा माणूस घरी येईल आणि तुमच्यासमोर मशीन चालवून बघेल. मोटरमध्ये दोष निघाला तर नवीन मशीन त्याच्यासोबतच असेल, तिथेच बदलून देईल. दोष नसेल तर वास का आला ते दाखवेल, त्याचे पैसे लागणार नाहीत. तोवर मशीन वापरू नका.” अट इथेही आहे, पण ती शेवटच्या ओळीत लपवलेली नाही.

कायद्याच्या बाजूनंही हा फरक महत्त्वाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे ‘तपासणी चालू आहे’ म्हणत महिना काढणं आपल्यालाच महागात पडू शकतं. बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं, ती ओळ सदोष मालाच्या तक्रारीला उत्तर म्हणून पाठवायची नसते. आणि प्रकरण जिल्हा आयोगापर्यंत गेलं तर आयोग जो ‘बदलून द्या’ असा आदेश देऊ शकतो, तो त्याच प्रकारच्या, नव्या आणि निर्दोष वस्तूचा असतो. दुरुस्त करून पुन्हा पॅक केलेलं मशीन ‘बदली’ म्हणून देणारे दुकानदार मी पाहिले आहेत. ती बदली नव्हे. द्यायचंच असेल तर ‘दुरुस्त केलेलं आहे’ असं सांगून, ग्राहक हो म्हणाला तरच द्यावं.

बाईंनी पैसे मागितले होते आणि मी मशीन देऊ केलं, याकडेही लक्ष द्या. रागात माणूस पैसे मागतो, पण त्या दिवशी त्यांना पैशांपेक्षा चालणारा मिक्सर जास्त हवा होता. म्हणून बदलीचा पर्याय आधी लिहिला, पैशांचा नंतर, पण दोन्ही लिहिले. पैशांची मागणी वाचलीच नाही असं दाखवून नुसती बदली पुढे केली असती, तर ती टाळाटाळच वाटली असती.

माफी सगळ्यात शेवटी ठेवली हे मुलाला पटत नव्हतं. आधी माफी मागितली की पुढचं सारवासारव वाटतं, असं माझं मत आहे. आधी ‘फोटो पाहिला’ म्हणायचं, काय बिघडलं ते सांगायचं, काय करतोय ते सांगायचं, मग माफी. आणि तीही कशाबद्दल ते नेमकं सांगून. ‘त्रास झाला असल्यास दिलगीर’ तर कधीच नाही. काळी चटणी समोर आहे, ‘असल्यास’ कसलं?

हे लिहून झालं तरी उत्तर मी लगेच पाठवलं नाही. आधी गोदामातून त्याच मॉडेलचा नवा खोका उघडायला सांगितला. तिन्ही जार पाण्यानं निम्मे भरले आणि कोरड्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटं ठेवले. मग प्रत्येक जार मशीनवर चढवून अर्धा मिनिट फिरवला, पाणी पांढऱ्या वाटीत ओतलं आणि बोट फिरवून पाहिलं. मधल्या जारखाली कागदावर चार आण्याएवढा ओला डाग उमटला होता. तो खोका बाजूला ठेवला, दुसरा उघडला. त्यातले तिन्ही कोरडे निघाले, पाणी स्वच्छ आलं. तेव्हा कुठे साडेनऊ वाजून गेल्यावर ‘अकराच्या आत’ असं लिहिलं. बदली म्हणून पाठवलेलं मशीनही गळकं निघालं असतं, तर त्या बाईंना लिहायला माझ्याकडे कुठलंच उत्तर उरलं नसतं.

दुपारी त्या मालाचे उरलेले खोकेही तसेच कागदावर ठेवून पाहिले. आणखी दोन जार ओले निघाले. त्यांच्या खोक्यांवरचे बॅच नंबर वहीत लिहून घेतले, आणि त्याच बॅचचे मिक्सर ज्यांना विकले होते त्यांना संध्याकाळपासून फोन करायला सुरुवात केली.