अंघोळ घालताना हाताला लागलेली गाठ

खानापूरकडच्या एखाद्या वाडीतली तीन वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. खाते-पिते, अंगणात पळते, ताप नाही की उलटी नाही. फक्त चड्डीचं इलॅस्टिक घट्ट व्हायला लागलंय. एक दिवस अंघोळ घालताना आजीच्या हाताला डाव्या कुशीत काहीतरी टणक लागतं. "पोट दगडासारखं लागतंय की गं," असं ती सुनेला म्हणते. दुखतं का विचारलं तर पोर हसते.

दुखत नाही म्हणून इथे दिवस जातात. जंताचं औषध दिलं जातं, दृष्ट काढली जाते, 'पोट सुटलंय, वयात बारीक होईल' असं म्हटलं जातं. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांत अशी न दुखणारी गाठ किडनीच्या कॅन्सरची असू शकते. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे विल्म्स ट्यूमर. माक्स विल्म्स या जर्मन सर्जनने 1899 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं, म्हणून हे नाव. किडनी पोटाच्या मागच्या बाजूला असते आणि तिथे पुढे वाढायला भरपूर जागा मिळते. गाठ आतडी बाजूला सारत वाढते, आणि बराच मोठा आकार होईपर्यंत मूल तक्रारच करत नाही. काही मुलांच्या लघवीत रक्त येतं, काहींचा रक्तदाब वाढतो. लहान मुलाचा रक्तदाब सहसा कुणी मोजत नाही, पण अशा वेळी तो मोजलाच पाहिजे.

गाठ लागली की घरातला प्रत्येक जण ती चाचपून बघतो. हे कटाक्षाने थांबवायला हवं. विल्म्सची गाठ बाहेरून टणक लागली तरी आतून मऊ आणि ठिसूळ असते. जोरात दाबल्यास किंवा मार लागल्यास ती फुटू शकते. गाठ फुटली की कॅन्सरच्या पेशी पोटात सांडतात आणि आजाराची पायरी, म्हणजे स्टेज, वर चढते. मग उपचार लांबतो आणि बहुतेक वेळा पोटाला रेडिएशनही द्यावं लागतं.

पहिली तपासणी सोनोग्राफी. ती स्वस्त आहे, तिच्यात रेडिएशन नाही आणि त्यासाठी मुलाला झोपवावं लागत नाही. किडनीचा फुगवटा पाण्याचा आहे की भरीव, हे तिथल्या तिथे कळतं. लघवीचा मार्ग अडून किडनी फुगली असेल तर तो वेगळाच आजार असतो. भरीव गाठ असेल तर ती किडनीतूनच निघाली आहे का, हे डॉक्टर पाहतात: उरलेली किडनी खेकड्याच्या नांगीसारखी गाठीला कवटाळून बसलेली दिसते. रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉप्लर लावून किडनीची शीर आणि पोटातली मोठी नीला तपासतात, कारण ही गाठ शिरेतून वर सरकू शकते. दुसरी किडनीही बघतात. थोड्या मुलांमध्ये दोन्हीकडे गाठ असते.

त्यानंतर पोट आणि छातीचा सीटी स्कॅन. छाती यासाठी की हा कॅन्सर सर्वांत आधी फुप्फुसात पसरतो. शिवाय किडनीवरच्या ग्रंथीतून निघणारा न्यूरोब्लास्टोमा अगदी असाच दिसू शकतो. तो मोठ्या रक्तवाहिन्यांना गुंडाळतो, त्यात चुन्याचे ठिपके जास्त दिसतात. शंका असेल तर लघवीची खास तपासणी करतात.

मग आईवडील विचारतात, तुकडा काढून तपासायचा नाही का? या वयात आणि चित्र इतकं ठरावीक असेल तर बहुतेकदा आधी सुई घालत नाहीत, कारण सुईच्या वाटेनेही पेशी सांडू शकतात. वय वेगळं असेल किंवा चित्र पटत नसेल, तर मात्र बायोप्सी करावी लागते.

पुढची वाट दोन प्रकारची. अमेरिकेत बहुधा आधी ऑपरेशन करतात, युरोपात आधी केमो. आपल्याकडे गाठी मोठ्या होऊन येतात, त्यामुळे आधी केमो देण्याकडे कल असतो, आणि मला तो योग्य वाटतो. आपल्या मुलीची गाठ 11 सेंटिमीटरची आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत असं धरू. तिला चार आठवडे दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टीन आणि त्यातल्या दोन आठवड्यांत ॲक्टिनोमायसिन दिलं जातं. गाठ आकसते, तिच्याभोवतीचं आवरण घट्ट होतं आणि ऑपरेशनमध्ये ती फुटायची भीती कमी होते. केस जातात, बद्धकोष्ठ होतं, क्वचित पाऊल लटकं पडतं. हे सगळं डॉक्टरांना सांगायचं.

मग अख्खी किडनी गाठीसकट काढतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीही तपासायला घेतात. ग्रंथी घ्यायच्या राहिल्या तर पायरीच नीट ठरत नाही. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर पुढची केमो ठरते: गाठ किडनीपुरतीच असली तर काही आठवडे, पसरलेली असली तर काही महिने आणि जोडीला रेडिएशन. गाठ वेळेत सापडली आणि उपचार पूर्ण झाले तर दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात. मूल एका किडनीवर वाढतं, शाळेत जातं, खेळतं.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात गडबड होते ती कागदपत्रांची. सोनोग्राफी निपाणीत, सीटी कोल्हापूर नाहीतर मिरजेत, ऑपरेशन बेळगाव किंवा मुंबईत. सीटीची नुसती फिल्म नव्हे, सीडी मागून घ्या; नाहीतर स्कॅन पुन्हा होतो आणि मुलाला रेडिएशनही पुन्हा बसतं. सरकारी योजना रेशन कार्ड कुठल्या राज्याचं आहे त्यावर अवलंबून असते, तेव्हा दवाखाना ठरवतानाच योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करतात, कारण आजार उलटलाच तर बहुधा याच काळात उलटतो.